वाचनकट्ट्यात सहा जणांना सहा खरी कामं कशी द्यायची? ('बनगरवाडी' घेतोय)

शाईदौत | रविवार, रात्री 9:40

आमच्या गावच्या वाचनालयात दर पंधरा दिवसांनी रविवारी सव्वा तास आम्ही सहा जण बसतो. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, दोन गृहिणी, एक फार्मसीचा विद्यार्थी, मी, आणि एक आजी. आजींना बारीक टाईप दिसत नाही, त्यामुळे त्यांची सून त्यांना वाचून दाखवते.

दोन कादंबऱ्या झाल्या. दोन्ही वेळा तेच. काका चाळीस मिनिटं बोलतात, चांगलं बोलतात, आणि बाकीचे "मलाही आवडली" म्हणून गप्प. मग मी वाचलं की 'साहित्यवर्तुळ' नावाच्या छोट्या वाचनगटांत प्रत्येकाला एक भूमिका देतात. एकाने सारांश, एकाने शब्दार्थ, एकाने प्रश्न, एकाने चित्र, एकाने आपल्या आयुष्याशी संबंध. मागच्या बैठकीत तसं केलं. सगळ्यांनी मनापासून कागद लिहून आणले. प्रत्येकाने आपला कागद वाचला, बाकीच्यांनी ऐकला, पस्तीस मिनिटांत सगळं संपलं, आणि एकमेकांशी कुणी बोललंच नाही. फार्मसीचा मुलगा जाताना म्हणाला, "ताई, शाळेतला प्रकल्प दिल्यासारखं वाटलं."

आता व्यंकटेश माडगूळकरांची धनगरवस्तीवरची कादंबरी 'बनगरवाडी' घेतोय, चार बैठकांत. वाचनालयाच्या दोन प्रती आणि मागून आणलेल्या दोन, म्हणजे सहा माणसांत चार पुस्तकं. भूमिका अशा कशा वाटायच्या की काम नावापुरतं राहणार नाही?

---

रंगवेडा | रविवार, रात्री 10:15

भूमिकावाटप म्हटलं की माझा विषय! आम्ही कादंबऱ्यांचं अभिवाचन करतो. 'बनगरवाडी'त मास्तर, कारभारी, अंजी, आयबू, आनंदा रामोशी अशी ठसठशीत माणसं आहेत. काकांना कारभारी द्या, आवाज भारदस्त असेल तर शोभेल. निवेदन मोठं आहे, ते तुम्ही दोघींत वाटून घ्या. माणदेशी बोलीचे संवाद आधी दोनदा मोठ्याने म्हणून बघा, नाहीतर पुस्तकी वाटतात.

---

शाईदौत | रविवार, रात्री 10:32

रंगवेडा, भूमिका म्हणजे पात्रं नव्हेत हो. वाचताना कुणी कशाकडे लक्ष द्यायचं ते. पण मोठ्याने वाचण्याचं लक्षात ठेवते. आजींसाठी त्याचा उपयोग होईल.

---

कोष्टक | सोमवार, सकाळी 8:05

सोपं आहे. माणसाच्या स्वभावाला साजेल ते काम द्यायचं आणि ते कायम ठेवायचं. कार्यालयात आपण दर आठवड्याला खातं बदलत नाही. ज्याला बोलता येतं त्याला चर्चा चालवू द्या, म्हणजे काका. शब्दार्थ विद्यार्थ्याला, तो मोबाईलवर चटकन शोधेल. चित्र ज्या ताईंना रांगोळी चांगली येते त्यांना. आजींना सारांश, कारण त्यांनी ऐकलेलं असतं. एकदा तक्ता भिंतीवर लावला की दर वेळी वाटावाटी नको.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, दुपारी 2:20

माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं नववीच्या मुलांचे असे गट चालवले आणि निवृत्तीनंतर मोठ्यांचे दोन. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाईदौत, तुम्ही ज्या भूमिका वाचल्यात त्या शिकागोचे हार्वी डॅनियल्स यांच्या 1994 च्या पुस्तकातून जगभर पसरल्या. प्रत्येक भूमिकेसाठी त्यांनी एक छापील कागद दिला होता. पुढे असंख्य वर्गांत नेमकं तुमच्याकडे झालं तेच होऊ लागलं. मुलं कागद भरायची, पाळीपाळीने वाचायची, संपलं. 2002 च्या आवृत्तीत डॅनियल्स यांनीच बजावलं की हे कागद तात्पुरता आधार आहेत, चर्चा रांगेला लागली तर ते काढून घ्या. पण तोवर कागद सगळीकडे पोचले होते.

तुमच्या सदस्यांनी काम चोख केलं. त्यांनी आणलेलं दुसऱ्या कुणाला लागत नव्हतं, इतकंच. सहा जणांनी कादंबरी वाचलेली असताना सारांश कुणाला हवा असतो? शब्दार्थ ऐकून कोण काय करणार? माझी कसोटी अशी: तो माणूस ऐन वेळी आला नाही तर बैठक कुठे अडते? कुठेच अडत नसेल तर ते काम खरं नाही.

काम दुसऱ्याला लागेल असं करायचं तर बैठकीच्या आधी एक टप्पा घालावा लागतो. मी असं करते. पाच जण आपापलं सापडलेलं शुक्रवारी रात्रीपर्यंत सहाव्याला कळवतात. फक्त दोन-तीन ओळी, पान क्रमांकासह, फोनवर सांगितलं तरी चालतं. सहावा प्रश्नवाला. त्याने शनिवारी तीन प्रश्न तयार करायचे, आणि अट एकच: प्रत्येक प्रश्न निदान दोघांच्या सापडलेल्या गोष्टी एकत्र ठेवून झाला पाहिजे. म्हणजे एकाने कळवलं नाही तर प्रश्नवाल्याचं काम अडतं आणि तो स्वतःच फोन करतो. तुम्हाला कुणाच्या मागे लागावं लागत नाही. रविवारी कुणीही कागद वाचून दाखवायचा नाही. प्रश्न मांडायचा, आणि ज्याच्याकडे त्याचा पुरावा असेल त्याने पुस्तक उघडायचं.

दुसरं म्हणजे भूमिकांची यादी कादंबरीतून निघाली पाहिजे. आयत्या यादीत कादंबरी बसवली की सगळ्या कादंबऱ्या सारख्याच दिसू लागतात. म्हणून चालवणाऱ्याने पुस्तक आधी एकदा संपूर्ण वाचावं आणि ते वाचकाला कुठे कामाला लावतं ते बघावं. 'बनगरवाडी'त घट्ट कथानक नाही, छोटे छोटे प्रसंग आहेत. माणसं खूप आहेत, येतात, नाहीशी होतात, पुन्हा भेटतात. आणि सगळं एकट्या तरुण मास्तराच्या तोंडून कळतं, तोही बाहेरून आलेला. यावरून मी या पुस्तकासाठी ही कामं ठरवीन.

एकाकडे माणसांची वही. प्रत्येक नवं माणूस आलं की नाव, पान, आणि मास्तरशी त्याचा पहिला व्यवहार काय झाला ते. त्याने काही मागितलं, दिलं, की नुसतं बघितलं?

एकाकडे नकाशा. चित्र काढा म्हटलं की मोठी माणसं लाजतात, नकाशा मात्र काढतात. मास्तर आपल्या गावाहून चालत येतो ती वाट, शाळा, वस्ती, पुढे तालीम. पुस्तकात जे आहे तेवढंच. जिथे पुस्तक सांगत नाही तिथे जागा कोरी.

एकाने मास्तरवर नजर ठेवायची. हे या कादंबरीतलं सगळ्यात अवघड काम. मास्तर जे सांगतो ते त्याने स्वतः पाहिलं, कुणाकडून ऐकलं, की त्याचा अंदाज आहे? दर भागातून एक जागा आणायची, जिथे तोच प्रसंग दुसऱ्या कुणी सांगितला असता तर वेगळा झाला असता.

एकाकडे उतारा. अर्ध्या पानाहून मोठा नको, एकच. बैठक त्याच्या वाचनानेच सुरू करा, दोनदा वाचा. रंगवेडा यांनी वाट वेगळी धरली तरी मोठ्याने वाचण्याचं त्यांचं म्हणणं इथे लागू आहे. आजी त्या क्षणी सगळ्यांच्या बरोबरीला येतात, आणि ज्याच्याकडे प्रत नाही तोही.

एकाकडे शब्द, पण तीनच. आणि उरलेला प्रश्नवाला.

कोष्टक, स्वभावाला साजेसं काम पहिल्या बैठकीपुरतं द्यावं, हे तुमचं मला पटतं. त्याने धीर येतो. पण मुळात जास्त बोलणाऱ्या माणसाच्या हातात चर्चेची दोरी दिली तर चाळीस मिनिटांची पंचावन्न होतील. काकांना मी उतारा दिला असता, एका नियमासकट: उतारा वाचून त्यांनी थांबायचं. बाकीचे पाचही जण 'हा का निवडला असेल' याचा आपापला अंदाज सांगतील आणि काका शेवटी बोलतील. बोलणाऱ्या माणसाला असा शेवटचा शब्द दिला की तो आनंदाने थांबतो. त्याला आपण आवरतोय असं वाटत नाही, आणि खरंच आवरत नसतोही. पाच अंदाज ऐकल्यावर त्याचं स्वतःचं म्हणणं पुष्कळदा बदललेलं असतं.

---

अटलांटाकर | मंगळवार, पहाटे 5:50

आमच्या मराठी शाळेत तेरा ते पंधरा वयाची सात मुलं ऑनलाइन वाचतात. आमची तक्रार शब्दवाल्याची. मागच्या खेपेस एका मुलीने बावीस शब्द आणले, सगळ्यांचे अर्थ शब्दकोशातून उतरवून. अर्धा तास त्यातच गेला. तीनच म्हटलं तर बाकीच्या मुलांना गोष्टच कळत नाही, कारण त्यांना खरंच पन्नास शब्द अडतात. मग काय करायचं?

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी 11:10

अटलांटाकर, ही दोन वेगळी कामं एकाच मुलीच्या गळ्यात पडलीत. गोष्ट कळण्यासाठी लागणारे पन्नास शब्द तुम्ही स्वतः, वाचायला देतानाच, समासात लिहून द्या. ते शिक्षकाचं काम आहे. शब्दवाल्याने आणायचा तो शब्द असा, की ज्याचा अर्थ शब्दकोशात सापडूनही वाक्य पुरतं उलगडत नाही.

याच कादंबरीतला 'कारभारी' घ्या. कोशात व्यवस्था बघणारा. पण वस्तीत त्या म्हाताऱ्याला याच नावाने ओळखतात, त्याचा शब्द चालतो आणि मास्तरला त्याचाच आधार. आपल्याकडे बाई नवऱ्यालाही कारभारी म्हणते. मग मुलांना विचारा: या माणसाला हा अधिकार कुणी दिला? सरकारने की वस्तीने? आणि सरकारी पगारावरचा मास्तर त्याच्याकडे का जातो? एका शब्दावर पंधरा मिनिटं जातात, आणि ती वाया जात नाहीत.

मुलं लिपी वाचण्यातच अडखळत असतील तर मात्र भूमिका हा उपाय नाही. तेव्हा आधी एकत्र मोठ्याने वाचा. अडखळत वाचणाऱ्या मुलाला वर आणखी काम दिलं की ते आपलं कामापुरतं पान शोधतं आणि बाकीचं पुस्तक सोडून देतं. हे मी माझ्या वर्गात केलेलं आहे आणि त्यात दोन मुलांचं वर्ष वाया गेलं.

---

माणदेशी_पाऊलवाट | मंगळवार, रात्री 8:45

मी आटपाडीकडचा. कारभाऱ्याबद्दल बाईंनी बरोबर सांगितलं. शब्दवाल्याला एक सांगा, मेंढरांच्या धंद्यातले शब्द कोशात बघून उपयोग नाही, माणसाला विचारावं. घोंगडं आणि जेन यात शहरातला माणूस फरकच करत नाही. घोंगडं अंगावर घ्यायचं, जेन जाड, खाली अंथरायचं. रात्री मेंढरांभोवती जाळं लावतात ते वाघर. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, लेंड्यांचं खत मिळतं, त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतो. हे कळलं की वस्तीची माणसं सारखी कुठे जातात-येतात ते ध्यानात येतं, आणि शाळेत पोरं का टिकत नाहीत तेही.

नकाशावाल्याने मोबाईलवरचा नकाशा उघडू नये. माझे पाव्हणे तिथले असूनही मी सांगतो, पुस्तकातली वाडी पुस्तकातच शोधावी.

आणि एक भूमिका तुमच्या यादीत राहिली. औंधाचं काय? आमचा हा मुलूख औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, त्यांनी संस्थानातल्या शाळांत तो लावला होता. 1939 साली त्यांनी गावांच्या हाती कारभार देणारी घटनाही आणली. आता कादंबरीत मास्तर वस्तीकडून तालीम बांधून घेतो. त्याला देऊळ सुचलं नाही, विहीर सुचली नाही, तालीमच का सुचली? हे कुणी शोधून आणलं नाही तर तो भाग नुसता 'गावाने एकीने काम केलं' एवढ्यावर संपतो.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री 9:30

पाऊलवाट, तालमीचा प्रश्न फार चांगला आहे, हा मला सुचला नव्हता. तरी संदर्भ शोधणारा पहिल्या बैठकीपासून नको. त्याने औंधाची माहिती सुरुवातीलाच आणली तर तो इतिहासावर भाषण देतो आणि बाकीचे पुन्हा श्रोते होतात. तालीम येते त्या बैठकीच्या आधी हे काम द्या, आणि काम म्हणून प्रश्नच द्या: 'तालीमच का?' विषय दिला तर माणूस माहिती आणतो, प्रश्न दिला तर उत्तर आणतो. बाकीच्यांना मग ते पटतंय का हे पुस्तकात बघावं लागतं.

---

कोष्टक | बुधवार, सकाळी 7:55

दर बैठकीला कामं बदलायची की नाही हे बाईंनी सांगितलं नाही. माझा आग्रह कायम आहे. माणसांची वही चार वेळा चार हातांत गेली तर ती कोणाचीच राहत नाही.

---

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी 10:20

वहीबद्दल तुमचं बरोबर आहे, मला ते मान्य करावं लागेल. वही आणि नकाशा वाढत जाणारी कामं आहेत, ती दोन बैठका एकाच हातात ठेवावीत. प्रश्नवाला मात्र दर वेळी बदलावा. कारण ज्याने एकदा बाकीच्यांच्या ओळींवरून प्रश्न बांधले, त्याला पुढच्या वेळी स्वतः कोणत्या ओळी पाठवायच्या ते कळतं.

---

शाईदौत | रविवार, रात्री 9:15 (पहिली बैठक झाल्यावर)

आज बसलो. सगळं जसं झालं तसं सांगते.

वही एका ताईंकडे, नकाशा दुसऱ्या ताईंकडे, मास्तरवर नजर आजींकडे, उतारा काकांकडे, शब्द मुलाकडे. प्रश्न पहिल्या वेळी मीच घेतले. आजींना अवघड काम द्यायला मी कचरत होते. पण त्या ऐकतात, आणि सांगणाऱ्याच्या आवाजाकडे त्यांचं आपोआप लक्ष जातं. शुक्रवारी त्यांनी सुनेकडून फोन लावून घेतला आणि म्हणाल्या, "हा पोरगा स्वतः घाबरलेला आहे आणि माणसं घाबरवणारी आहेत असं आपल्याला सांगतोय." मी फोन ठेवून ती पानं पुन्हा वाचली.

आधी बिघडलं ते. मुलाने अकरा शब्द पाठवले. मी म्हटलं तीन निवड, तर त्याने सगळ्यात अवघड तीन निवडले. त्यांचा अर्थ सांगितला आणि विषय संपला. नकाशावाल्या ताईंनी इतका सुबक नकाशा काढला, झाडांसकट, की त्यातलं पुस्तकातलं किती आणि मनातलं किती ते त्यांनाही सांगता येईना. आणि माझा पहिला प्रश्न पडला: 'मास्तरला वस्ती आवडली का?' सगळे म्हणाले हळूहळू आवडली. अर्ध्या मिनिटात संपलं.

दुसरा प्रश्न मी वही आणि नकाशा शेजारी ठेवून केला होता. वहीत प्रत्येक माणसापुढे पहिला व्यवहार लिहिलेला, नकाशावर जागा. मी विचारलं, 'मास्तर कुणाच्या दाराशी स्वतः जातो, आणि मास्तरकडे कोण आपल्या पायाने येतं?' यावर तब्बल पंचवीस मिनिटं. चार पुस्तकं सहा जणांत फिरत होती, पानं उलटली जात होती. ज्या ताई दोन कादंबऱ्यांत एक वाक्य बोलल्या नव्हत्या, त्या काकांना म्हणाल्या, "नाही, ते नंतर आहे, माझ्याकडे पान लिहिलंय." काकांनी पान उघडलं आणि म्हणाले, "बरोबर." मला फार बरं वाटलं.

काका उताऱ्यानंतर थांबले. तिसऱ्या माणसापर्यंत त्यांना जड गेलं हे दिसत होतं. पण पाचही अंदाज ऐकल्यावर म्हणाले, "मी वर्णनासाठी निवडला होता. आता वाटतं यात त्याचा एकटेपणा आहे."

आता अडचण. एक ताई अर्धाच भाग वाचून आल्या होत्या, घरी आजारपण होतं. त्यांना बसू द्यावं की नाही?

---

कोष्टक | रविवार, रात्री 9:50

बसू देऊ नये. एकाला सूट दिली की पुढच्या वेळी तिघं तशीच येतात. आमच्या सोसायटीतला वाचनगट यावरच बंद पडला.

---

अटलांटाकर | रविवार, रात्री 11:30

आम्ही न वाचलेल्या मुलाला नोंदणी देतो. तो बोलत नाही, कोणत्या पानावर सगळ्यात जास्त वाद झाला तेवढं लिहितो. नंतर तो ती पानं आधी वाचतो.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी 9:00

माझा अनुभव दोन्हीकडचा आहे. मुलांच्या गटात मी बाजूला बसवून वाचायला लावत असे. मोठ्यांच्या गटात तसं केलं आणि एक बाई पुन्हा आल्याच नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं. शाईदौत, तुमच्या गटाला तुम्ही ओळखता. फक्त अर्धवट वाचलेल्या माणसाचं काम ऐन वेळी दुसऱ्याला देऊ नका. त्याने शुक्रवारी जेवढं वाचलं तेवढ्याचं कळवावं आणि प्रश्नवाल्याने त्या अर्ध्यावरच प्रश्न बांधावा.

तुमचा पहिला प्रश्न का पडला ते सांगते. तो कुणाच्याही ओळींवरून आला नव्हता, म्हणून कुणाकडेच पुरावा नव्हता. आणि त्याचं उत्तर सगळ्यांचं एकच येणार हे आधी दिसायला हवं होतं. प्रश्न लिहिला की स्वतःशी दोन उलटी उत्तरं देऊन बघा. दुसरं उत्तर तुम्हालाच सुचलं नाही तर तो प्रश्न टाकून द्या.

मुलाला सांगा, शब्द अवघड आहे म्हणून निवडू नको. कादंबरीत कुणीतरी तो उच्चारतं आणि ऐकणारा वेगळंच समजतो, असा निवड. तसा नाही मिळाला तर एकच आण.

नकाशावाल्या ताईंना दोन रंग द्या. पुस्तकात आहे ते शाईने, आपला अंदाज पेन्सिलीने. झाडं मुळीच पुसायला लावू नका.

---

माणदेशी_पाऊलवाट | सोमवार, रात्री 8:20

आजींचं वाक्य वाचून मी पुस्तक काढलं. लहानपणापासून तीन वेळा वाचलंय, पण मी नेहमी वस्तीच्या बाजूने वाचत आलो. मास्तर घाबरलाय हे कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या भागात रामोशी येईल तेव्हा वहीत नुसतं 'चोर' असं लिहू नका. रामोशांकडे पिढ्यान् पिढ्या गावाची राखण होती. ज्याने राखायचं तोच उचलतो आणि तरी वस्ती त्याला धरून राहते, हे वहीत आलं पाहिजे.

---

शाईदौत | रविवार, रात्री 9:55 (दुसरी बैठक)

आज अंजीचा भाग होता. प्रश्नवाला फार्मसीचा मुलगा, उतारा आजींकडे, मास्तरवर नजर काकांकडे. वही आणि नकाशा त्याच दोघींकडे ठेवले, शब्द माझ्याकडे.

उताऱ्याचं आजींनी वेगळंच केलं. त्यांनी पान सांगितलं आणि सुनेला बरोबर आणलं, वाचलं तिने. म्हणजे आज सात जण होतो. सून निघताना म्हणाली की ती रोज वाचून दाखवते पण तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. आजींनी तिलाही अंदाज सांगायला लावला.

मुलाचा प्रश्न जसाच्या तसा देते. वहीवाल्या ताईंनी कळवलं होतं की कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरकडे चोळीचं काम घेऊन येते आणि त्यानंतर कारभारी तुटक होतो. काकांनी कळवलं होतं की वस्तीत काय बोललं जातंय ते मास्तरला सगळ्यात शेवटी कळतं. या दोन ओळींवरून त्याने विचारलं, 'मास्तरला आपण चुकलो असं वाटतं का, की फक्त आपल्याबद्दल गैरसमज झाला असं वाटतं?'

बँकेतले काका म्हणाले गैरसमज, त्याचं मन साफ आहे. वहीवाल्या ताई म्हणाल्या, मन साफ असलं तरी वस्तीत राहायचं म्हणजे वस्तीचं भान हवं, आणि ते अंजीला होतं की नव्हतं हे मास्तर आपल्याला सांगतच नाही. काका बराच वेळ पुस्तक चाळत राहिले. मग म्हणाले, "माझं काम त्याच्यावर नजर ठेवायचं आहे आणि मीच त्याची बाजू घेतोय." त्यांनी ती जागा शोधून मोठ्याने वाचली, आणि पुन्हा वाचली. सव्वा तास संपून वीस मिनिटं झाली तेव्हा वाचनालयाचे शिपाई दिवे घालवायला आले.

बिघडलं ते असं: नकाशाचा आज कुणालाच उपयोग झाला नाही. हा भाग जागेचा नाहीच, माणसांचा आहे. ताई सव्वा तास घडी घालून बसल्या होत्या. आणि दोन ओळी शुक्रवारी फक्त तिघांच्या आल्या, बाकीच्यांना मुलाने शनिवारी दुपारी फोन केले. तो म्हणाला फोन करायला त्याला लाज वाटली, पण प्रश्न अडला होता.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी 8:40

नकाशाबद्दल चूक माझी. प्रत्येक काम प्रत्येक भागाला लागत नाही, हे मी सांगायला हवं होतं. या भागात ताईंना 'कुणाला काय कधी कळलं' याची ओळीने नोंद द्यायला हवी होती, अंजी, कारभारी, वस्ती, मास्तर. तोही एक प्रकारचा नकाशाच झाला असता आणि मुलाच्या प्रश्नाला थेट लागला असता. पुढच्या भागाची पानं तुम्ही आधी चाळा आणि कोणतं काम तिथे उपाशी राहील ते बघून बदला.

सून पुढच्या वेळी येणार असेल तर तिला काम द्या. पाहुणी म्हणून बसवू नका.

---

कोष्टक | सोमवार, सकाळी 9:15

शुक्रवारचं न पाळणाऱ्यांचं काय? दर वेळी फोन करत बसायचं?

---

शाईदौत | सोमवार, दुपारी 1:05

कोष्टक, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मुलगा म्हणतो शुक्रवारऐवजी गुरुवार करा, म्हणजे उशीर झाला तरी शुक्रवार. ताई म्हणतात गुरुवार बाजाराचा असतो.

तिसऱ्या बैठकीची वाटणी अशी केलीय. प्रश्न आजींकडे, ओळी त्यांना सून वाचून दाखवील. मास्तरवर नजर वहीवाल्या ताईंकडे, वही काकांकडे, उतारा माझ्याकडे. या भागात शेकूचा प्रसंग आहे, बायको बैलाच्या जागी औताला खांदा देते तो, म्हणून नकाशा बंद. त्या ताईंकडे 'कुणाकडे किती जनावरं, कुणाचं कशावर चालतं' याची नोंद. ती पुढे दुष्काळाच्या भागातही लागेल. शब्द सुनेने मागून घेतले. 'तालीमच का?' हे मुलाकडे दिलंय, आणि पाऊलवाट, त्याने विचारलंय की औंधाबद्दल तुम्हाला फोनवर काही विचारलं तर चालेल का. चालणार असेल तर मला व्यक्तिगत निरोपात कळवा.

---

माणदेशी_पाऊलवाट | सोमवार, संध्याकाळी 7:10

चालेल. रात्री आठनंतर करायला सांगा. आणि त्याला सांगा, आधी स्वतःचं उत्तर तयार करून मगच फोन कर.